व्हिडिओभोवतीचे काळे पट्टे

दिवाळी अंकाच्या वेब आवृत्तीत एखाद्या लेखकाची मुलाखत असते, गावच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर व्याख्यानमालेचं ध्वनिचित्रमुद्रण असतं, शाळेच्या पानावर स्नेहसंमेलनातला नाटकाचा प्रवेश असतो. संगणकावर उघडलं की व्हिडिओ नीट दिसतो. तेच पान फोनवर उघडलं की व्हिडिओच्या वर आणि खाली जाडजूड काळे पट्टे येतात, मधे चित्र आक्रसून बसतं आणि खालचा मजकूर विनाकारण दूर ढकलला जातो. कधी याच्या उलट होतं. व्हिडिओ एका बुटक्या, लांबट पट्टीत अडकतो आणि काळं डावी-उजवीकडे पसरतं. बहुतेक वाचक मनाशी म्हणतात की चित्रण नीट झालेलं नाही किंवा आपला फोन जुना झाला. दोष यांपैकी कशातच नसतो. तो पानाच्या मांडणीतल्या एक-दोन ओळींत असतो, आणि त्या ओळी नेमक्या कुठे चुकतात हे कळलं की दुरुस्ती करायला पाच मिनिटं पुरतात. संस्थेचं संकेतस्थळ हौसेनं सांभाळणारे शिक्षक, ग्रंथपाल आणि कार्यकर्ते मराठीत पुष्कळ आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली ‘शेअर’ आणि मग ‘एम्बेड’ निवडलं की एक तुकडा मिळतो. त्याचा गाभा असा असतो:

```html
<iframe width="560" height="315"
  src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID"
  allowfullscreen></iframe>
```

आयफ्रेम म्हणजे आपल्या पानात कापलेली खिडकी. तिच्यातून दुसऱ्याच संकेतस्थळाचं पान दिसतं. इथे तिची रुंदी ५६० पिक्सेल आणि उंची ३१५ पिक्सेल सांगितली आहे. ५६० ला ३१५ ने भागलं तर १.७८ च्या जवळचा आकडा येतो. १६ ला ९ ने भागलं तरी तोच येतो. म्हणजे मुळात आकार बरोबर आहे.

आता हे पान ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडू. हे ब्राउझरच्या हिशोबातले पिक्सेल आहेत, पडद्यावरचे सगळे ठिपके नव्हेत. पानाला दोन्ही बाजूंनी १६ पिक्सेलचा समास असेल तर मजकुरासाठी ३२८ उरतात. ५६० ची खिडकी ३२८ च्या जागेत मावत नाही. ती उजवीकडे बाहेर पडते आणि सगळं पान आडवं सरकू लागतं. यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो `max-width: 100%` हा. रुंदी जागेपेक्षा जास्त जाऊ द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. रुंदी मुकाट्यानं ३२८ वर येते. पण उंचीला कोणी काही सांगितलेलंच नाही, त्यामुळे ती ३१५ वरच राहते. खिडकी जवळजवळ चौकोनी होते. ३२८ रुंदीला १६:९ चं चित्र साडेएकशेचौऱ्याऐंशी पिक्सेल उंच भरतं. उरलेले सुमारे १३० पिक्सेल अर्धे वर आणि अर्धे खाली काळे दिसतात. फोनवर दिसतात ते पट्टे हेच.

मग ज्यांना छायाचित्रांचा अनुभव आहे ते `height: auto` लिहितात. फोटोच्या बाबतीत ही जोडगोळी अचूक चालते. रुंदी कमी झाली की उंची आपोआप प्रमाणात कमी होते. आयफ्रेमला ती लावली की उंची थेट १५० पिक्सेल होते. ३२८ बाय १५० च्या खिडकीत चित्राला उंचीप्रमाणे जेमतेम २६७ पिक्सेल रुंदी मिळते आणि दोन्ही बाजूंना तीस-एकतीस पिक्सेलचे काळे पट्टे उभे राहतात. संगणकावर रकाना हजार पिक्सेलचा असेल आणि कोणी `width: 100%` लिहिलं असेल, तर हजार पिक्सेल लांब आणि १५० उंच अशी पट्टी तयार होते आणि तिच्या मधोमध इवलासा व्हिडिओ. असं दृश्य दिसलं की मोजपट्टी काढायची गरजच नाही. कुठेतरी आयफ्रेमला `height: auto` लागलं आहे आणि तिला आकार कोणी सांगितलेला नाही, हे नक्की समजावं.

हा १५० चा आकडा आला कुठून? सीएसएसच्या नियमांत असं ठरलेलं आहे की ज्या बाहेरून आणलेल्या वस्तूला स्वतःचं माप नाही, तिला ३०० रुंदी आणि १५० उंची द्यावी. फोटोच्या फाइलमध्येच त्याची रुंदी-उंची लिहिलेली असते. ब्राउझर ती वाचतो आणि प्रमाण सांभाळतो. आयफ्रेममध्ये फाइल नसते, एक संपूर्ण पान असतं. पानाला प्रमाण नसतं. त्यातही व्हिडिओ प्लेअरचं पान मुद्दाम असं बनवलेलं असतं की मिळेल ती खिडकी ते भरून काढतं. पाण्यानं भांड्याचा आकार घ्यावा तसं ते वागतं. भांडं कोणत्या आकाराचं असावं हे पाण्याला विचारून उपयोग नाही. शिवाय ते पान दुसऱ्या संकेतस्थळाचं असल्यामुळे सुरक्षेच्या नियमानुसार आपल्या पानाला त्याच्या आत डोकावता येत नाही. आतला व्हिडिओ १६:९ आहे हे प्लेअरला ठाऊक असतं, आपल्या पानाला नाही. म्हणून आकार बाहेरून, आपणच सांगावा लागतो. एवढी गोष्ट पक्की समजली तर पुढचं सगळं सोपं जातं.

आकार सांगण्याची सरळ सोय मात्र सीएसएसमध्ये पुष्कळ वर्षं नव्हती. ‘उंची ही रुंदीच्या ५६.२५ टक्के ठेव’ असं म्हणता येत नव्हतं. `height: 56.25%` लिहिता येतं, पण त्या टक्क्याचा अर्थ ‘बाहेरच्या खोक्याच्या उंचीचे ५६.२५ टक्के’ असा होतो. बाहेरच्या खोक्याला स्वतःची ठरलेली उंची नसेल, आणि बहुधा नसतेच, तर तो टक्का ब्राउझर बाजूला ठेवतो. ही चूक आजही नवख्या लोकांच्या पानांवर वरचेवर दिसते. आकडा बरोबर असतो, पण चुकीच्या ठिकाणी लिहिलेला असतो.

वाट सापडली ती अगदी अनपेक्षित जागी, पॅडिंगमध्ये. पॅडिंग म्हणजे खोक्याच्या आतली, मजकुराभोवतीची मोकळी जागा. ते टक्क्यांत दिलं तर टक्के कशाचे मोजायचे? डाव्या-उजव्या पॅडिंगचे टक्के बाहेरच्या खोक्याच्या रुंदीवरून मोजतात, हे कोणालाही पटेल. पण सीएसएसचा नियम असा आहे की वरच्या आणि खालच्या पॅडिंगचे टक्केसुद्धा रुंदीवरूनच मोजायचे. हे विचित्र वाटतं, तरी त्याला कारण आहे. खोक्याची उंची आतल्या सामानावर ठरते. आतलं पॅडिंग जर त्या उंचीवर अवलंबून ठेवलं, तर उंचीसाठी पॅडिंग हवं आणि पॅडिंगसाठी उंची हवी, असा कधीच न सुटणारा गुंता होईल. रुंदी बाहेरून ठरून आलेली असते, म्हणून तिचा आधार घेतला.

या नियमाचा उपयोग थिअरी कोब्लेन्ट्झ यांनी २००९ साली ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-मासिकात व्हिडिओसाठी करून दाखवला. आयफ्रेमभोवती एक रिकामं खोकं घ्यायचं, त्याची उंची शून्य ठेवायची आणि खालचं पॅडिंग ५६.२५ टक्के द्यायचं. ९ भागिले १६ म्हणजे ०.५६२५, म्हणून हा आकडा. आत काही नसलं तरी पॅडिंगमुळे खोकं रुंदीच्या प्रमाणात उंच होतं. यालाच रेशो बॉक्स म्हणतात.

```css
.chaukat {
  position: relative;
  height: 0;
  padding-bottom: 56.25%;
}
.chaukat iframe {
  position: absolute;
  top: 0; left: 0;
  width: 100%; height: 100%;
}
```

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. खोक्याची आतली उंची शून्य आहे, मग आयफ्रेमची `height: 100%` म्हणजे शून्यच व्हायला नको का? साध्या मांडणीत व्हिडिओ तसा नाहीसाच झाला असता. पण `position: absolute` दिलेल्या वस्तूचे टक्के पॅडिंगसकट मोजले जातात. त्यामुळे आयफ्रेम पॅडिंगनं निर्माण केलेली सगळी जागा व्यापते. `position: relative` ही ओळ हा हिशोब याच खोक्याशी बांधते. ती राहून गेली तर आयफ्रेम आपलं खोकं सोडून बाहेरच्या मोठ्या खोक्याला किंवा थेट पडद्याला चिकटते, आणि व्हिडिओ पानाच्या माथ्यावर, शीर्षकावर पसरून बसतो. असं झालेलं दिसलं तर पहिल्यांदा ती एक ओळ शोधावी.

आपल्या उदाहरणात फोनवर खोकं ३२८ रुंद. त्याचे ५६.२५ टक्के म्हणजे १८४.५. चित्र काठोकाठ बसतं आणि पट्टे जातात.

ही युक्ती मला फार आवडते. ज्यांच्या हातात नवी सोय नव्हती त्यांनी असलेल्या नियमातून ती काढली, आणि बूटस्ट्रॅपसारख्या साधनांनी आणि वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरनं हीच पद्धत वापरली. पण तिच्यात एक खोच आहे आणि ती जाणत्यांनाही फसवते.

समजा, संगणकावर रकाना हजार पिक्सेलचा आहे. एवढा मोठा व्हिडिओ नको, म्हणून कोणी याच `.chaukat` ला `max-width: 640px` दिलं. ६४० ला उंची ३६० यायला हवी. प्रत्यक्षात ती ५६२.५ येते आणि चित्राच्या वर-खाली शंभर-शंभर पिक्सेलचे पट्टे पडतात. कारण पॅडिंगचे टक्के खोक्याच्या स्वतःच्या रुंदीचे नसतात, ते त्याच्या बाहेरच्या खोक्याच्या रुंदीचे असतात. बाहेर हजार आहेत, म्हणून हजाराचे ५६.२५ टक्के. फोनवर दोन्ही रुंद्या सारख्याच, ३२८, म्हणून तिथे काही चुकत नाही. संगणकावर चुकतं आणि फोनवर बरोबर दिसतं, अशी ही उलटी खूण आहे. उपाय सोपा आहे. `max-width` एका वेगळ्या, बाहेरच्या खोक्याला द्यावं आणि `.chaukat` त्याच्या आत ठेवावं. मग टक्के ६४० चे मोजले जातात आणि उंची ३६० येते.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्लॉक एडिटरमध्ये यूट्यूबचा दुवा टाकला की वर्डप्रेस व्हिडिओचं प्रमाण ओळखून त्या ब्लॉकला `wp-embed-aspect-16-9` असं नाव देतं. पण त्या नावाशी जोडलेले नियम तेव्हाच लागू होतात, जेव्हा आपल्या थीमनं `responsive-embeds` ला पाठिंबा असल्याचं जाहीर केलेलं असतं. जुन्या किंवा घाईत बनवलेल्या थीममध्ये ही एक ओळ नसते. ब्लॉकवर नाव लावलेलं असतं, पण परिणाम काहीच होत नाही. थीमच्या `functions.php` मध्ये `add_theme_support( 'responsive-embeds' );` असल्याची खात्री करावी, मगच स्वतःचे नियम लिहायला घ्यावेत.

आता आजची रीत. २०२१ साली सीएसएसमधला `aspect-ratio` हा गुणधर्म सगळ्या प्रमुख ब्राउझरांत पोचला. जानेवारीत क्रोम ८८ मध्ये, जूनमध्ये फायरफॉक्स ८९ मध्ये आणि सप्टेंबरमध्ये सफारी १५ मध्ये. इतकी वर्षं जे सांगता येत नव्हतं ते आता थेट सांगता येतं, आणि भोवतालच्या खोक्याची गरजही उरत नाही.

```css
iframe.chitraphit {
  width: 100%;
  height: auto;
  aspect-ratio: 16 / 9;
  border: 0;
}
```

यात सर्वांत जास्त विसरली जाते ती `height: auto` ही ओळ. लोक म्हणतात, प्रमाण सांगितलं ना, मग उंची कशाला लिहायची? पण मूळ तुकड्यातलं `height="315"` अजून तिथेच आहे. ब्राउझर त्याला ठाम सांगितलेली उंची मानतो. रुंदीही ठरलेली आणि उंचीही ठरलेली असेल तर प्रमाणाला काही कामच राहत नाही, आणि `aspect-ratio` निमूटपणे बाजूला पडतं. फोनवर पुन्हा ३२८ बाय ३१५. कुठेही चूक दाखवली जात नाही, त्यामुळे माणूस ब्राउझरला दोष देत बसतो. `height: auto` लिहिलं की ३१५ ची सक्ती सुटते आणि उंची प्रमाणावरून निघते. वर ज्या `height: auto` नं व्हिडिओ १५० च्या पट्टीत कोंबला, तीच ओळ प्रमाण सोबत असताना सगळं जागेवर आणते.

इथे एक शंका येते. फोटोच्या टॅगमधल्या रुंदी-उंचीवरून आजचे ब्राउझर प्रमाण आपोआप काढतात आणि फोटो येण्याआधीच जागा राखून ठेवतात. मग आयफ्रेमच्या ५६० आणि ३१५ वरून ते का काढत नाहीत? एचटीएमएलच्या नियमांत ही सोय फोटो आणि `video` टॅगसारख्या ज्या वस्तूंना स्वतःचं प्रमाण असू शकतं त्यांना दिली आहे, आयफ्रेमला नाही. आयफ्रेममध्ये नकाशा, अर्ज, तक्ता असं काहीही असू शकतं आणि त्यांची उंची रुंदीच्या प्रमाणात कमी होऊन चालणार नाही. निर्णय योग्यच आहे. फक्त त्यामुळे व्हिडिओसाठी प्रमाण हातानं लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणूनच पानावरच्या सरसकट सगळ्या आयफ्रेमना १६:९ लावू नये. देणगीचा अर्ज आयफ्रेममध्ये असेल तर फोनवर तो १८४ पिक्सेलच्या उंचीत दबून जाईल. व्हिडिओंना वेगळं नाव द्यावं आणि नियम त्या नावाला लावावा.

फोन आडवा धरला की आणखी एक अडचण दिसते. पडदा ८०० बाय ३६० असेल तर समास सोडून रुंदी ७६८ उरते आणि १६:९ नुसार उंची ४३२ होते. ती पडद्याच्या उंचीपेक्षाच जास्त आहे, त्यामुळे व्हिडिओ एका नजरेत मावत नाही. यावर `max-height: 80vh`, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या ८० टक्क्यांवर जाऊ नको, असं लिहिण्याचा मोह होतो. मग उंची २८८ वर अडते, रुंदी मात्र ७६८ च राहते आणि प्रमाण मोडून बाजूचे पट्टे परततात. उंचीवर बंधन हवं असेल तर ते रुंदीच्या मार्गानं घालावं: `max-width: calc(80vh * 16 / 9)`. आता रुंदी ५१२ वर थांबते, तिच्या प्रमाणात उंची २८८ होते आणि चौकट शाबूत राहते.

आणि प्रत्येक व्हिडिओ १६:९ नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. १६:९ हे प्रमाण मुळात तडजोडीचं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स यांनी जुन्या दूरचित्रवाणीचं ४:३ आणि रुंद चित्रपटांचं २.३५ या दोन टोकांमधला आकार म्हणून ते सुचवलं. त्याआधीचं दूरचित्रवाणीचं जग ४:३ मध्येच चित्रित झालेलं आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राचे जुने मराठी कार्यक्रमही त्याच आकारातले. असा कार्यक्रम आपल्या पानावर १६:९ च्या चौकटीत ठेवला तर डावी-उजवीकडे काळं राहणार. `aspect-ratio: 4 / 3` लिहिलं की ते जाईल, पण एका अटीवर. इंटरनेटवर चढवताना कोणी काळे पट्टे चित्रातच भाजून टाकले असतील, तर फाइल १६:९ चीच झालेली असते आणि आपल्या पानावर काहीही केलं तरी ते पट्टे निघत नाहीत. उभ्या धरलेल्या फोनवरच्या छोट्या व्हिडिओंना `9 / 16` द्यावं, मात्र रुंदीला ३५०-४०० पिक्सेलची मर्यादा घालावी. नाहीतर हजार पिक्सेलच्या रकान्यात त्याची उंची पावणेअठराशेच्या पुढे जाते.

पट्टे पानामुळे आहेत की चित्रातलेच आहेत हे ओळखायची खात्रीची रीत म्हणजे मोजणं. संगणकावर व्हिडिओच्या जवळ उजवं बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडावं, यादीतल्या `iframe` या शब्दावर माउस नेला की तिची रुंदी आणि उंची दिसते. रुंदीला उंचीनं भागावं. उत्तर १.७८ च्या आसपास असेल आणि तरी काळं दिसत असेल तर ते चित्रातलं आहे. उत्तर वेगळं असेल तर दोष पानाचा आहे. ते १.०४ आलं तर ३१५ ची उंची अजून ठाण मांडून आहे, आणि उंची बरोबर १५० असेल तर प्रमाण लिहायचंच राहिलं आहे.

नवं पान करणाऱ्यानं `aspect-ratio` च वापरावं, यात मला शंका नाही. पॅडिंगची जुनी चौकट नीट चालत असेल तर ती मोडायची गरज नाही, पण दोन्ही एकाच व्हिडिओवर लादू नयेत. पान प्रसिद्ध करण्याआधी ते एकदा उभ्या फोनवर, एकदा आडव्या फोनवर आणि एकदा मोठ्या पडद्यावर उघडून पाहा, आणि तिन्ही ठिकाणी तो भागाकार करून पाहा.